भाऊबीजेच्या आत

नरक चतुर्दशीच्या सकाळी आम्ही फडके रोडला गणपतीच्या दर्शनाला जातो, असं डोंबिवलीतली तरुण मंडळी घरी सांगतात. दर्शन होतंही. पण ते चटकन उरकतं आणि मग दुपारपर्यंत झब्बा घालून रस्त्यात नुसतं उभं राहायचं असतं. तिथेच मला बंड्याची बहीण दिसली. म्हणजे ती मला लहानपणापासून दिसतच होती, पण तेव्हा ती आमचा बॉल लपवून ठेवायची. आता बंगळुरूहून नोकरीतली सुट्टी काढून आली होती आणि माझ्याकडे बघून हसली होती. (तिचं नाव इथे लिहीत नाही, ती हे वाचते.)

शेजारीच काकू होत्या. म्हणाल्या, "परवा भाऊबीजेला ये रे. तुलाही ओवाळेल ती. तिला तरी कुठे दुसरा भाऊ आहे!"

परवाच! त्या वर्षी सकाळी चतुर्दशी आणि संध्याकाळी लगेच लक्ष्मीपूजन, म्हणजे पंचांगानेही माझा एक दिवस खाल्लेला. आणि ओवाळून घेतलं की प्रकरण मिटलं. एकदा ताम्हणात पाकीट टाकलेल्या माणसाने पुढच्या महिन्यात "कॉफी घ्यायची का?" विचारायचं म्हणजे कठीणच.

तिच्याशी थेट बोलता आलं असतं. पण बंड्याला ते तिसऱ्याकडून कळलं असतं तर शाळेपासूनची मैत्री संपली असती. मग त्याला आधी सांगायचं ठरलं, पण नेमकं काय? परवानगी मागावी, तर ती काय सोसायटीचं पार्किंग आहे, याच्या सहीने मिळायला? रात्रभर वाक्यं जुळवली. "गैरसमज करून घेऊ नकोस" ही सुरुवात आधी कापली, कारण ते ऐकल्यावर माणूस दुसरं काही करतच नाही. शेवटी एवढंच उरलं: मला तुझी बहीण आवडते, तिला अजून काही बोललेलो नाही, तुला त्रास होणार असेल तर आत्ताच सांग.

जागेचाही प्रश्न होता. व्हॉट्सअ‍ॅप बाद, कारण बंड्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो आणि काकू चष्मा न लावताही वाचतात. बाइकवर तर नकोच. हेल्मेटमधून तो "काय?" ओरडणार, मग मी ओरडणार, मग सिग्नलवरचे सगळे ऐकणार. पाडव्याला सकाळी तो श्रीखंडासाठी चक्का आणायला निघाला, तेव्हा मीही चिकटलो. डेअरीच्या रांगेतून माणूस चिडून निघून जात नाही. नंबर जातो.

सांगितलं. बंड्या म्हणाला, "कोण, आपली?"

त्या 'आपली'नंतर दोन गिऱ्हाइकं पुढे सरकली, तरी तो गप्प. मग म्हणाला, "मागच्या वेळी ताप आलाय सांगून तू मॅच बघायला आला होतास. त्या मुलीला फोनवर 'हो, खरंच तापलाय' कोणी सांगितलं?"

"तू."

"मग आता बहिणीसाठी तुझी चौकशी कोणाकडे करू? माझ्याकडेच?"

याला उत्तर नव्हतं. जिवलग मित्राकडे आपली सगळी फाइल असते, आणि तिच्यात आपण स्वतःच हौसेने कागद घातलेले असतात.

अर्धा किलो चक्का हातात आल्यावर त्याने अटी सांगितल्या. "तुम्ही भांडलात तर मला मध्ये घ्यायचं नाही. तिच्याबद्दल मला काहीही सांगायचं नाही, चांगलंसुद्धा. बाकी मला काय विचारतोस, तिला विचार. आणि ती नाही म्हणाली तर आमच्याकडे पडलेलं तोंड घेऊन यायचं नाही, नेहमीचं घेऊन ये." दुसरी अट घरी आल्यावर झोंबली. आजवर कोणी आवडली की मी रात्री फोन करायचो तो बंड्यालाच.

तिला संध्याकाळी सांगितलं. आधी दादाला विचारलं म्हणून ती चिडली, मग त्याचं तोंड कसं झालं होतं ते दोनदा विचारून हसली. "बंगळुरूला जाईपर्यंत विचार करते," म्हणाली. "पण उद्या ये. नाही आलास तर आईला संशय येईल."

गेलो. बघतो तर दोन पाट मांडलेले, भोवती रांगोळी, आणि ती निरांजन लावत खाली मान घालून हसतेय. काकू म्हणाल्या, "बस." मी बंड्याकडे पाहिलं. बंड्याला माझी दया आली आणि तो म्हणाला, "आई, त्याला नको. त्याला सुतक आहे."

"अगं बाई! कोण गेलं?"

बंड्याने एवढा पुढचा विचार केलेला नव्हता. "नाशिकचा मामा," तो म्हणाला.

माझी आई त्या वेळी आमच्या घरी नाशिकच्या मामालाच ओवाळत होती. काकूंनी डोळ्यांना पदर लावून तिला फोन लावला. तिच्या हातात ताम्हण होतं, म्हणून फोन मामाने उचलला.