सुट्टी माझी, पेंडिंग त्यांचं

गणपतीची सुट्टी मागितली तर डायरेक्टर म्हणतात, "अरे घे ना, कोण नाही म्हणतंय, फक्त कव्हरेज प्लॅन आणि पेंडिंग डिसिजन्स टाक मला एका शीटमध्ये." ऐकायला किती गोड वाटतं. त्या एका शीटने माझं डोकं पार फिरवलंय म्हणून इथे लिहितोय, ज्यांना डायरेक्टर नाहीत त्यांनी देवाचे आभार मानून पुढे जा.

आमची सपोर्ट टीम, क्लायंटचं पेमेंटचं सॉफ्टवेअर सांभाळतो, महापेला ऑफिस. गणपती काही अचानक येत नाहीत, कॅलेंडरमध्ये वर्षभर आधी छापलेले असतात. त्यात रेल्वेचं रिझर्वेशन नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं (पूर्वी 120 दिवस होते), आणि कोकणकन्येचं गणपतीतलं तिकीट काढायचं तर सकाळी आठच्या ठोक्याला हात तयार पाहिजे, दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की वेटिंग. म्हणजे सुट्टी मिळणार की नाही हे दोन महिने आधी कळायला हवं. तेव्हाच मागितली. तर "बघू, जवळ आलं की ठरवू." जवळ आलं की काय डोंबल ठरवू? कणकवलीला चालत जाऊ का?

बरं, शीट मागितली तर शीट दिली, आणि नीट दिली. बरेच जण कव्हरेज म्हणजे माझ्या नावासमोर दुसऱ्याचं नाव लिहितात आणि मोकळे होतात. त्याला काही अर्थ नसतो, कारण नाव लिहिलं म्हणून त्या माणसाला अधिकार मिळत नाही. मागे दुसऱ्या टीममध्ये हेच झालं, मॅनेजर लग्नाला गेला, शीटवर सिनियरचं नाव, पण सिस्टीममध्ये अप्रूव्हर म्हणून मॅनेजरच, त्यामुळे रात्रीच्या सगळ्या चेंज रिक्वेस्ट त्याच्याच इनबॉक्सला जाऊन पडल्या आणि नवरदेवाच्या मामाशेजारी बसून हा मोबाईलवर अप्रूव्ह करत होता. म्हणून मी प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहिल्या: निर्णय कोण घेणार, त्याला सिस्टीममध्ये तो अधिकार दिलाय का आणि कुठल्या तारखेपर्यंत, निर्णय कधीपर्यंत हवाय, आणि वेळेत नाही झाला तर आपोआप काय होणार.

शनिवारी रात्रीचं रिलीज घ्या. त्यात गो की नो-गो हे माझी सिनियर ठरवणार, तिला मी तसं लेखी दिलं. रिलीजनंतर अर्ध्या तासात फेल झालेले पेमेंट दोन टक्क्यांच्या वर गेले तर सरळ रोलबॅक, कुणाला फोन करून विचारायचं नाही, केल्यावर कळवायचं. दोन टक्के कुठून आले तर एरवी आमचे एक टक्क्याच्या आत असतात, मागच्या रिलीजचे आकडे काढून, क्लायंटशी बोलून ठरवलंय. तिने विचारलं, "दीडवर अडकलं तर?" तर तेही लिहिलं, आणखी अर्धा तास थांबायचं, उतरलं नाही तर मागे घ्यायचं. झालं की नाही? यात माझी गरज कुठे आहे? तिने हे रिलीज माझ्यासमोर दोनदा स्वतः केलंय. रात्रीच्या ऑन-कॉललाही एक पहिला, एक पाठीमागे, दोघं गणपतीला गावी न जाणारे, स्वतः हो म्हणालेले आणि बदल्यात दिवाळीला त्यांना आधी सुट्टी. हे जमवायला मला किती चहा पाजावे लागले ते विचारू नका.

आता खरी मजा. पेंडिंग डिसिजन्सचा रकाना भरला तर दिसलं की माझ्याकडे अडकलेलं जवळजवळ काहीच नाही, जे आहे ते सगळं सरांकडेच!! मॉनिटरिंग टूलचं लायसन्स बरोब्बर माझ्या सुट्टीत संपतंय, कोटेशन केव्हाच त्यांच्याकडे पाठवलंय, रक्कम माझ्या लिमिटच्या वर असल्याने सही त्यांचीच लागते, आणि पर्चेसवाल्यांना त्यानंतर कामाचे दहा दिवस पाहिजेत. म्हणजे सही कधीपर्यंत हवी हे उलटं मोजलं की कळतं. मी मोजून तारीख लाल रंगात टाकली. पुढे लिहिलं, सही झाली नाही तर त्या रात्री अलर्ट बंद होतील आणि पेमेंट अडकलं तर आपल्याला क्लायंटच्या फोनवरून कळेल. दुसरं, एका चांगल्या उमेदवाराची ऑफर, तिन्ही राउंड झालेत, पोरगा नोटीस पीरियडमध्ये आहे, हातात दुसरी ऑफर आहे, रोज एचआरला विचारतो. अडलंय कुठे तर सरांच्या एका क्लिकवर.

यावर साहेबांची प्रतिक्रिया काय असेल? "एवढं सगळं पेंडिंग असताना तू जाणार?"

अहो!! पेंडिंग कुणाकडे आहे ते त्याच ओळीत लिहिलंय, तुमचं नाव आहे तिथे, बोल्डमध्ये!

वर म्हणतात, "हे क्लोज करून मग जा." मी कसं क्लोज करू, तुमचा पासवर्ड द्या मला. म्हणजे यांनी ठेवायचं लटकवून आणि त्याच लटकलेल्या गोष्टी दाखवून माझी सुट्टी अडवायची. हा तर पोरानेच दार आतून लावून घ्यायचं आणि बाहेरच्याला उशीर का झाला म्हणून ओरडायचं असा प्रकार झाला. आणि "नाही" असंही म्हणत नाहीत बरं का. नाही म्हणाले तर मी एचआरकडे जाऊ शकतो, बायकोला सांगू शकतो, तिकीट रद्द करू शकतो. हे फक्त "बघू". पोर्टलवर अर्ज पिवळाच्या पिवळा.

कायदा म्हणाल तर महाराष्ट्राचा 2017 चा दुकानं-आस्थापनांचा कायदा आहे, त्यात वर्षाला 8 कॅज्युअल, कमावलेली रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते वगैरे सगळं आहे, पण मॅनेजरी हुद्द्यावरच्यांना त्यातून वगळलंय. प्रमोशनच्या दिवशी पेढे वाटले होते मी, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि स्वतः सर मे महिन्यात फॅमिलीसोबत युरोपला गेले तेव्हा कुठली शीट? एक ऑटो-रिप्लाय, "अर्जंट असल्यास कॉल करा", आणि कॉल केला की लागत नाही. तेव्हा त्यांच्या सह्या अडल्या त्याचं कव्हरेज कोण होतं? आम्हीच, क्लायंटला गोड बोलत.

शेवटी काल मेल टाकला, सरळ. टीमची सगळी कामं वाटून अधिकारासकट दिली आहेत, सिस्टीममध्ये डेलिगेशन लावलं आहे, उरलेले दोन निर्णय आपले आहेत, त्यांच्या तारखा अशा, माझ्या रजेबद्दल शुक्रवारी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवावं म्हणजे तिकिटाचं ठरवता येईल. एचआरला सीसी. उत्तर आलं, "लेट्स डिस्कस". डिस्कस कधी ते नाही.

आज दुपारी एचआरचा फोन, त्या पोराने दुसरीकडे जॉईन व्हायचं कळवलं. मी सरांना सांगितलं तर म्हणाले, "चला, एक तरी आयटम क्लोज झाला, शीट अपडेट कर."