दोन सुयांविषयी आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

«जाड काय नि बारीक काय, सुई ती सुई. आधी एफएनएसी आणि मग कोर बायोप्सी म्हणजे एकाच गाठीचे दोनदा पैसे काढणे, आणि तुमच्यासारखे लोक त्याची वकिली करतात. माझ्या आईच्या थायरॉइडचे निदान एका एफएनएसीत झाले होते. सुईने कॅन्सर पसरतो, हे तर तुम्ही लिहिलेच नाही.»

महोदय,

मतभेदाला माझी हरकत नाही. ‘वकिली’ या शब्दाला आहे. इंदूरच्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून सव्वीस वर्षे स्लाइड रंगवल्या, आणि त्या काळात कोणत्याही सुईचे कमिशन माझ्या खिशात आले नाही. एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढणे आणि कोर बायोप्सी म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढणे, या दोन तपासण्यांवरचा माझा लेख आपण पूर्ण वाचला असता तर हा शब्द कदाचित टळला असता.

थायरॉइडबाबत आपले म्हणणे मान्य आहे. तिथे पहिली तपासणी बहुधा बारीक सुईचीच असते, आणि माझा लेख स्तनाच्या गाठीपुरता होता हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवे होते.

आता ‘सुई ती सुई’ या वाक्याकडे येतो. एफएनएसीची सुई २२ ते २५ गेजची, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची असते. ती गाठीत मागेपुढे फिरवली की सुटलेल्या पेशी तिच्या पोकळीत येतात. त्यांचा थेंब काचेवर टाकून दुसऱ्या काचेने पसरवतात, काही स्लाइड लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात आणि काही हवेत वाळवतात. रंगवलेल्या काचेवर पेशी दिसतात, त्यांची केंद्रके किती मोठी आणि वेडीवाकडी आहेत तेही दिसते. परंतु त्या पेशी गाठीत कुठे बसल्या होत्या, हे त्या काचेवरून कळत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये नेमके हेच कळावे लागते. कॅन्सरच्या पेशी दुग्धनलिकेच्या आतच अडकलेल्या असोत किंवा नलिकेची भिंत फोडून बाहेर पडलेल्या असोत, काचेवर त्या सारख्याच दिसू शकतात, कारण भिंत काचेवर आलेलीच नसते.

कोर बायोप्सीची सुई स्तनासाठी बहुधा १४ गेजची, सुमारे दोन मिलिमीटर जाडीची असते. त्वचा बधिर करून बारीकसा छेद घेतात, स्प्रिंगच्या गनचा खटकन आवाज होतो आणि पांढरट, शेवेएवढा बारीक तुकडा निघतो. असे तीन-चार तुकडे फॉर्मालिनमध्ये टाकतात; निव्वळ चरबीचा तुकडा वर तरंगतो, गाठीचा बहुधा तळाशी जातो, त्यामुळे सुई गाठीतच शिरली होती की नाही याचा अंदाज तिथल्या तिथे येतो. या तुकड्यात नलिका, तिची भिंत आणि भोवतालची ऊती आपापल्या जागी असतात. शिवाय तुकडा मेणात बसवून केलेल्या त्याच ब्लॉकमधून एकामागून एक पातळ काप काढून, ईआर आणि पीआर हे संप्रेरकांचे ग्राहक व हर-टू हे प्रथिन पेशींवर आहे का, याच्या तपासण्या करता येतात; उपचार त्यांवर ठरतात. बारीक सुईच्या पेशींचाही ब्लॉक बनवता येतो, हे मला ठाऊक आहे; पण त्यात पेशी पुष्कळ हव्या असतात आणि भिंत तिथेही दिसत नाही.

माझ्या वहिनींचेच सांगतो. डाव्या स्तनात अडीच सेंटिमीटरची गाठ होती आणि एफएनएसीचा अहवाल दुसऱ्याच दिवशी आला: कॅन्सर आहे. घरातील सर्वांचे, माझ्या थोरल्या भावासह, एकच म्हणणे की आता थांबायचे कशाला, लगेच शस्त्रक्रिया करून टाका. सर्जनने मात्र कोर बायोप्सीशिवाय हात लावणार नाही असे बजावले, तेव्हा रामबागेतल्या आमच्या घरी आपल्यासारखेच शब्द उच्चारले गेले, आणि ते उच्चारणाऱ्यांत मीही होतो. आठवड्याने अहवाल आला: नलिकेबाहेर पसरलेला कॅन्सर, ईआर व पीआर निगेटिव्ह, हर-टू तीन प्लस, म्हणजे ठळक पॉझिटिव्ह. त्यामुळे क्रमच बदलला. आधी हर-टूवर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधासह केमोथेरपी झाली, गाठ लहान झाली आणि त्यानंतर शस्त्रक्रिया झाली. पहिल्या अहवालावर घाई केली असती, तर औषधाचा गाठीवर काय परिणाम होतो हे पाहण्याची संधी आम्ही स्वतःच्या हाताने घालवली असती.

सुईने कॅन्सर पसरण्याविषयी एवढेच सांगतो की सुईच्या वाटेत पेशी सापडल्याच्या नोंदी आहेत, पण प्रत्यक्षात त्यापासून अपाय झाल्याची उदाहरणे विरळ आहेत. या भीतीने निदान टाळणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. स्तनाची गाठ सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीत संशयास्पद दिसत असेल आणि कोर बायोप्सीची सोय असेल, तर दोन्ही सुया टोचण्याचे सहसा कारण नसते, हे मलाही मान्य आहे. वहिनींच्या वेळी पहिल्या सुईचा खर्च वायाच गेला. मात्र अशा वेळी गाळायची असते ती बारीक सुई. आपण गाळायला निघालात ती जाड.