खुलासा: फँटसी क्रिकेट, सट्टा आणि फायद्याचं गणित

दावा: "फँटसी क्रिकेट सट्टा नाही, क्रिकेट कळणाऱ्याला त्यात फायदाच होतो."

रचना वेगळी आहे, हे खरं. सट्ट्यात बुकी भाव देतो आणि निकालाची जोखीम घेतो. फँटसीत तुम्ही इतर खेळणाऱ्यांशी भिडता, कंपनी फक्त आपला वाटा कापते. पण तोच वाटा महागात पडतो. समजा, 100 जणांनी 50 रुपये भरले. 5,000 मधून 15 टक्के कापले, तर बक्षिसांना 4,250 उरतात, म्हणजे माणशी सरासरी 42.50. पहिल्याला 1,500 देऊन उरलेले पुढच्या 19 जणांत वाटले, तर 80 जण रिकाम्या हाती जातात. नुसते पैसे सुटायलाही सरासरीपेक्षा सुमारे 18 टक्के जास्त मिळवावे लागतात, आणि समोरच्यांनाही क्रिकेट कळतंच. शिवाय 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले आहेत.