हँगवरून शिकलं की सवय बिघडते? खुलासा

"नवीन पोरांनी क्लीन अन् स्नॅच पहिल्या दिवसापासून जमिनीवरूनच मारा, हँगवरून शिकलं की सवय बिघडते, स्पर्धेत हँग चालत नाही."

जळगाव-धुळ्याच्या जिम ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजमधलं शेवटचं तेवढं खरं आहे, स्पर्धेत बार जमिनीवरूनच उचलावा लागतो. पण शिकायचा क्रम उलटा ठेवलेला बरा. हँग म्हणजे बार जमिनीवर न टेकवता हातात लटकता धरून सुरुवात करायची. आधी बार मांडीच्या वरच्या भागाला टेकलेला, गुडघे जरासे वाकलेले, तिथून पायांनी जोर लावून सरळ व्हायचं आणि मगच हात ओढायचे, मग गुडघ्याच्या वरून, मग खालून, शेवटी जमीन. झेलणं पण आधी अर्धवट बसून, नंतर पूर्ण स्क्वॉटमध्ये.

आमच्याकडे एक पोरगा थेट जमिनीवरून 40 किलो क्लीन करायचा आणि दर वेळी झेलायला पुढे उडी मारायचा, कारण गुडघ्यापाशी बार पायांपासून लांब जायचा. त्याला रिकाम्या 20 किलोच्या बारवर हँगला आणलं, तीन-तीन रेप. उडी जागच्या जागी पडायला लागली तेव्हाच बार खाली नेला.

बारला लहान प्लेटा असतील तर खाली ठोकळे ठेवा, बारचा मध्य जमिनीपासून 22.5 सेंमी हवा.

तो मेसेज पुढे पाठवू नका भाऊ, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.