टी-शर्टचे 2700 लिटर आणि लातूरची पाण्याची रेल्वे

एखादी वस्तू तयार व्हायला किती पाणी लागतं हे सांगणारा एक तक्ता शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली हमखास दिसतो. एक सुती टी-शर्ट म्हणजे 2700 लिटर पाणी, किलोभर तांदूळ म्हणजे 2500 लिटर, किलोभर साखर म्हणजे साधारण 1800 लिटर. आकडे जागतिक सरासरीचे आहेत आणि त्यात चूक नाही. तरीही हा तक्ता नुसता असाच भिंतीवर लावणं मला पटत नाही. तो वाचून मुलांच्या डोक्यात एवढंच राहतं की कापूस सगळ्यात वाईट आणि साखर त्यातल्या त्यात बरी. आपल्या महाराष्ट्रात परिस्थिती जवळजवळ उलटी आहे.

आधी मूळ कल्पना. लंडनचे प्राध्यापक टोनी अ‍ॅलन यांनी 1990 च्या दशकात आभासी पाण्याचा विचार मांडला. मध्यपूर्वेतले देश पाण्याविना कसे निभावतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं की ते देश गहू आयात करतात आणि तो पिकवायला लागलेलं पाणी दुसऱ्या देशात खर्च झालेलं असतं. पुढे 2002 मध्ये नेदरलँड्सच्या आर्यन हुकस्ट्रा यांनी याच धाग्यावरून वॉटर फूटप्रिंट, म्हणजे एखाद्या वस्तूमागे खर्च झालेलं एकूण पाणी, मोजण्याची पद्धत आणली आणि नंतर पाण्याचे तीन रंग केले. पावसाचं, जमिनीत मुरलेलं आणि पिकाने थेट वापरलेलं ते हिरवं पाणी. धरण, नदी, विहीर, बोअर यांतून उचललेलं ते निळं. आणि खतं-औषधांनी खराब झालेलं पाणी पुन्हा ठरलेल्या दर्जाइतकं स्वच्छ व्हावं म्हणून ते जितक्या पाण्यात मिसळावं लागेल, तितकं करडं.

माझं सगळं म्हणणं या रंगांपाशी आहे. तक्त्यात फक्त बेरीज येते, रंग येत नाहीत.

उसाचं गणित करून बघू. वही घ्या, सहावी-सातवीच्या गुणाकाराच्या पलीकडे काही नाही. मराठवाड्यातला एक एकर सुरू ऊस घ्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला आणि वर्षाने तुटणारा. उसाला हंगामात 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागतं, आपण मधलं 2000 धरू. 2000 मिलिमीटर म्हणजे शेतावर 2 मीटर उंचीचं पाणी. एकर साधारण 4000 चौरस मीटर. म्हणजे 8000 घनमीटर, म्हणजेच 80 लाख लिटर. उतारा 40 टन धरला, तर टनाला 2 लाख लिटर. कारखान्यात टनामागे 110 किलो साखर निघते असं धरलं, तर किलोला सुमारे 1800 लिटर येतात. तक्त्यातला आकडा इथे सापडला.

आता रंग वेगळे करू. तिथे वर्षाला 700-800 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला काही वाहून जातो. उसाच्या मुळांना त्यातले 500 मिळाले असं धरू. उरलेले 1500 मिलिमीटर कालव्याचे, विहिरीचे किंवा बोअरचे. म्हणजे किलोभर साखरेत साधारण 1360 लिटर निळं पाणी. मळी आणि चिपाड यांनाही किंमत आहे, त्यांच्या वाट्याचं पाणी वजा केलं तर साखरेचा आकडा थोडा खाली येतो. पण फार नाही.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. आपल्या हिशोबाने भागाकार करा: 5 लाख भागिले 1360, म्हणजे साधारण 370 किलो साखर. पन्नास किलोची सात-आठ पोती. सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलेल्या त्या गाडीत सात-आठ पोती साखरेचं निळं पाणी होतं. अशा पोत्यांचे ट्रकच्या ट्रक एरवी मराठवाड्यातून बाहेर जात असतात, आणि त्यांच्याबरोबर बाहेर जाणारं पाणी कुणालाच दिसत नाही. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीपैकी 4 टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातलं जवळपास 70 टक्के पाणी तो घेतो, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच नोंदवलं आहे. त्यातही उसाची तहान सगळ्यात मोठी असते ती मार्च ते मे, नेमकी धरणं तळाला जातात तेव्हा.

आता कापूस. यवतमाळकडचा कोरडवाहू एकर घ्या. पिकाने हंगामात 600 मिलिमीटर पाणी घेतलं, तर ते 24 लाख लिटर होतं. पाच क्विंटल कापूस आला आणि जिनिंगमध्ये त्याचा तिसरा हिस्सा रुई निघाली, म्हणजे साधारण 165 किलो. किलोभर रुईला साडेचौदा हजार लिटर! साखरेच्या आठपट. काही वाटा सरकीकडे गेला तरी आकडा मोठाच राहतो. पण हे जवळजवळ सगळं हिरवं पाणी आहे. काळ्या जमिनीत मुरलेला पाऊस कुणी नळाने यवतमाळ शहराला देऊ शकत नाही. कापूस नसता तर तिथे तूर, सोयाबीन किंवा नुसतं गवत उगवलं असतं आणि त्यातलं बरंचसं पाणी त्यांनीच हवेत सोडलं असतं. आकडा इतका फुगतो तो मुख्यतः उतारा कमी असल्यामुळे. तिथली खरी काळजी करड्या पाण्याची आहे, फवारणीची आणि खतांची.

हाच कापूस उझबेकिस्तानात अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवून पिकवला गेला आणि 1960 नंतर अरल समुद्र आटत गेला. पीक तेच, पाणी निळं.

भाताबद्दल मुलं हमखास एक चूक करतात. खाचरात साचलेलं सगळं पाणी ती फूटप्रिंटमध्ये धरतात. फूटप्रिंटमध्ये फक्त उडून गेलेलं पाणी मोजायचं, म्हणजे पिकाने हवेत सोडलेलं आणि खाचरातून वाफ झालेलं. जे खाली झिरपून विहिरीला किंवा ओढ्याला मिळालं ते पुन्हा वापरता येतं. कोकणातला भात पावसावर उभा असतो, त्याचं पाणी बहुतेक हिरवं. पंजाबातला भात बोअरवर. तिथे मे महिन्याच्या उन्हात रोवणी केली की पाणी भरमसाट उडतं, म्हणून 2009 साली राज्याने कायदाच केला की 10 जूनच्या आधी रोवणी करायची नाही. एक किलो तांदूळ आणि दुसरा किलो तांदूळ यांत इतका फरक असतो, आणि तक्त्यात दोघांपुढे तेच 2500.

एवढं वाचून कुणी ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोषी धरणार असेल, तर ते मला मान्य नाही. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान भाव, आणि माल उचलणारा कारखाना आहे. अतिवृष्टीत सोयाबीन झोपतं, ऊस बहुधा उभा राहतो. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर माल घेतला जाईलच याची खात्री नसते. ज्याच्यावर कर्ज आहे तो माणूस खात्रीचं पीक निवडणार. तुरीची आणि हरभऱ्याची खरेदी उसाइतकी भरवशाची केल्याशिवाय त्याला पाणी वाचवा म्हणून सांगायला जाणं मला अन्यायाचं वाटतं.

शिक्षक मित्रांनो, यंदा प्रदर्शनात तो तक्ता करणारच असाल, तर त्याला दोन रकाने वाढवा: पाणी कोणत्या रंगाचं आणि कुठल्या गावचं. आकडे मुलांनाच काढू द्या. तालुक्याचा पाऊस तहसीलमध्ये मिळतो, एकरी उतारा घरी विचारता येतो, आणि ज्यांच्या घरी ऊस आहे ती पोरं सांगतील की उन्हाळ्यात पाण्याची पाळी किती दिवसांनी येते.