आरशातले रेणू: कार्व्होनचे खरे, बाकीचे सरसकट नाही

“कोणत्याही सुगंधी रेणूची आरशातली प्रतिमा वेगळाच वास देते. कार्व्होन एका रूपात पुदिना, दुसऱ्या रूपात शहाजिरे. लिमोनीन एका रूपात संत्रे, दुसऱ्या रूपात लिंबू. कारखान्यात दोन्ही रूपे निम्मी-निम्मी तयार होतात, म्हणून सिंथेटिक सुगंध नैसर्गिक वासाशी कधीच जुळत नाही.” असा दावा केला जातो. तो एकेक करून तपासू.

कार्व्होनपासून सुरुवात करू, कारण तेवढे विधान बरोबर आहे. जोडीतल्या दोन रूपांना (–) आणि (+) अशी चिन्हे देतात. (–) कार्व्होन हा स्पिअरमिंटचा, म्हणजे आपल्या भाजीतल्या पुदिन्याच्या जातीचा मुख्य वास. (+) कार्व्होन कॅरवेच्या, म्हणजे दाव्यातल्या शहाजिऱ्याच्या, बियांत सापडते. फक्त वास पडताळायला बाजारातले शहाजिरे आणू नका. आपल्याकडे त्या नावाने बरेचदा काळे शहाजिरे मिळते. ती वनस्पती वेगळी आणि तिच्या वासात कार्व्होनचा वाटा नगण्य. त्यापेक्षा बाळंतशेपा घ्या. शेपूच्या या बियांच्या तेलात (+) कार्व्होन भरपूर असते. चिमूटभर बाळंतशेपा खलबत्त्यात कुटून हुंगा आणि शेजारी पुदिन्याचे पान चुरगाळा. अणू तेच, जोडणीचा क्रम तोच, फक्त एका कार्बनभोवतीची मांडणी उलट. नाकातले वास टिपणारे ग्राहक प्रथिनांचे असतात आणि ती प्रथिने स्वतःच एका बाजूची असतात, त्यामुळे उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात जशी नीट बसत नाही तसे इथे होते.

हा फरक जोडीचा आहे की बाटलीतल्या सूक्ष्म भेसळीचा, ही शंका फार जुनी. नाक इतके तीक्ष्ण असते की एक टक्क्याहून कमी अशुद्धीही वास बदलू शकते. १९७१ साली फ्रिडमन आणि मिलर या संशोधकांनी ही शंका मिटवली. त्यांनी लिमोनीनपासून दोन्ही कार्व्होन बनवली, शिवाय एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर केले. रूप बदलले तसा वासही बदलला.

पण यावरून “कोणत्याही” म्हणता येत नाही. व्हॅनिलीन, लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड, गुलाबाच्या वासातले फिनाइलइथाइल अल्कोहोल: या रेणूंची आरशातली प्रतिमा मूळ रेणूच असते. उलटे रूपच नाही, तर त्याचा वेगळा वास कुठून येणार? ज्यांना जोडी आहे त्यांचीही एक परीक्षा झाली आहे. १९९९ साली लास्का आणि टॉयबनर या संशोधकांनी दहा जोड्या लोकांना हुंगायला दिल्या. समूह म्हणून लोकांना फक्त तीन जोड्यांतला फरक ओळखता आला: अल्फा-पायनीन, कार्व्होन आणि लिमोनीन. कापूर, मेंथॉल, सिट्रोनेलॉल, रोझ ऑक्साइड यांच्या जोड्या वेगळ्या काढता आल्या नाहीत. म्हणजे कार्व्होन हा अपवादाच्या बाजूचा रेणू आहे, नियमाचा नमुना नव्हे.

घरी किंवा वर्गात पडताळायचे असेल तर दोन पट्ट्या शेजारी धरून “फरक वाटतो का” असे विचारू नका, वाटतोच. दोन्ही रूपांचे अल्कोहोलमध्ये एक टक्का द्रावण करा. तीन कागदी पट्ट्या घ्या, दोन एका बाटलीतल्या आणि एक दुसरीतली, आणि वेगळी कोणती ते न सांगता ओळखायला लावा. निव्वळ अंदाजानेही तिनातून एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून एका फेरीवर निष्कर्ष काढू नये.

आता लिमोनीन. संत्रे आणि लिंबू ही जोडी पाठ्यपुस्तकांतूनही फिरते आणि ती साफ चुकीची आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात सुमारे ९५ टक्के लिमोनीन असते आणि ते जवळजवळ सगळे (+) रूपाचे. पिवळ्या लेमनच्या सालीतही मुख्य घटक तोच, रूपही तेच (+). आपल्या कागदी लिंबाचेही तसेच. (–) लिमोनीन हुंगले तर टर्पेंटाइनकडे झुकणारा, चिडाच्या झाडासारखा वास येतो. लिंबू आठवत नाही. लिंबाचा वास प्रामुख्याने सिट्रलचा. लेमनच्या तेलात ते दोन-तीन टक्केच असते, पण वासावर राज्य त्याचेच. याचा पुरावा आपल्या अंगणात आहे: गवती चहाच्या तेलात बहुतांश सिट्रल असते, म्हणून त्याला लिंबाचा वास येतो. (+) लिमोनीनच्या ९७ थेंबांत सिट्रलचे तीन थेंब घाला, मिश्रण लिंबाकडे वळते. आणि सिट्रलला आरशातली जोडीच नाही.

शेवटचा मुद्दा कारखान्याचा. रेणू कोणत्या बाजूचा होणार हे कच्च्या मालावर आणि पद्धतीवर ठरते. पुदिन्याच्या वासाचे कार्व्होन मोठ्या प्रमाणावर संत्र्याच्या सालीतल्या (+) लिमोनीनपासून बनते. थंड ठेवलेल्या लिमोनीनवर नायट्रोसिल क्लोराइडची क्रिया करतात आणि त्यातून घन नायट्रोसोक्लोराइड मिळते. त्यातले हायड्रोजन क्लोराइड काढले की कार्व्होनचे ऑक्झाइम उरते आणि आम्लात त्याचे विघटन करून कार्व्होन मिळवतात. ज्या कार्बनवर डावे-उजवे ठरते, त्याला या तिन्ही पायऱ्यांत कुणी हात लावत नाही. म्हणून माल एकाच बाजूचा निघतो. इथे गोंधळ होतो तो चिन्हांचा: (+) लिमोनीनपासून (–) कार्व्होन मिळते. ही चिन्हे ध्रुवित प्रकाश कोणत्या दिशेला वळतो एवढेच सांगतात, कार्बनभोवतीची मांडणी सांगत नाहीत.

बिघडते ते शेवटच्या पायरीत. आम्ल तीव्र झाले किंवा तापमान चढले तर कार्व्होनचे कार्व्हॅक्रॉल होते. त्याचा वास ओव्याच्या अंगाने जातो आणि ते प्रकाश वळवत नाही. समजा, प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या पोलॅरिमीटरवर शुद्ध (–) कार्व्होनसाठी अपेक्षित सुमारे उणे ६१ अंशांऐवजी उणे ३०.५ आले. दोन्ही रूपांची मिसळ असेल तर प्रमाण ७५ ला २५ ठरते. पण कार्व्हॅक्रॉलनेही आकडा घसरतो. नाकावर विसंबू नये, कारण (–) रूप कितीतरी कमी प्रमाणातही जाणवते आणि ७५-२५ ची मिसळ पुदिन्यासारखीच वाटू शकते. दोन्ही रूपे वेगळी करणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनच्या स्तंभावर गॅस क्रोमॅटोग्राफी केली की आलेखात कार्व्होनची दोन शिखरे दिसतात की एकच, ते कळते. कार्व्हॅक्रॉल निघाले तर सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतल्यावर ते पाण्याच्या थरात उतरते.

निम्म्या-निम्म्या मिसळीची गोष्ट काही पदार्थांपुरती खरी आहे. कारखान्यातले स्वस्त लिनॅलूल दोन्ही रूपांचे असते; लव्हेंडरमध्ये मात्र जवळजवळ सगळे (–) आणि धण्यात मुख्यतः (+). म्हणून लव्हेंडर तेलातली भेसळ पकडायला क्रोमॅटोग्राफीची हीच तपासणी करतात: (+) चे शिखर वर आले की सिंथेटिक लिनॅलूल घातल्याचा संशय घेतात. हो-वुड झाडाच्या तेलातून काढलेले (–) लिनॅलूल घातले असेल तर तेवढ्यावरून ते पकडता येत नाही. मग तेलातल्या इतर घटकांची प्रमाणे तपासावी लागतात.