घड्याळ दुबईचं, दुरुस्ती पुण्यात

दुबईला निघालेला ओळखीतला माणूस हमखास विचारतो, "तिकडे घड्याळ स्वस्त मिळतं, घेऊ का?" माझा उलटा प्रश्न असतो, बिघडलं तर इथे उघडणार कोण?

समजा, टिसो या स्विस कंपनीचं पीआरएक्स घड्याळ घ्यायचंय, पॉवरमॅटिक ८० मशीनचं. अधिकृत डीलरकडे एक भाव आणि दोन गल्ल्या सोडून त्याहून बराच कमी. स्वस्तातलं घड्याळ नकली असेलच असं नाही. डीलरकडे पडून राहिलेला माल बाहेरच्या व्यापाऱ्याला जातो, त्यालाच ग्रे मार्केट म्हणतात. घड्याळ तेच असतं, पण कंपनीची २ वर्षांची आंतरराष्ट्रीय वॉरंटी लागू व्हायला अधिकृत डीलरने तारीख टाकून, शिक्का मारून पूर्ण भरलेलं कार्ड लागतं. ग्रेवाला कोरं कार्ड देतो किंवा स्वतःच्या दुकानाची वॉरंटी देतो. ती वापरायची तर घड्याळ परत दुबईला पाठवा!

आता हे घड्याळ पुण्यात आल्यावर रोज मिनिटभर पुढे जायला लागलं. साध्या स्विस मशीनमध्ये वेग कमी-जास्त करायला एक छोटा दांडा असतो, आपले घड्याळजी तो हलवून काम भागवतात. पॉवरमॅटिक ८० मध्ये तो दांडाच नाही. वेग कारखान्यात लेझरने लावलेला असतो आणि नंतर बदलायचा तर बॅलन्स चाकावरचे बारीक स्क्रू खास हत्याराने फिरवावे लागतात. शिवाय टिसोची मालक कंपनी स्वॉच ग्रुप बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग देत नाही. म्हणजे उरलं सर्व्हिस सेंटर. तिथे कोऱ्या कार्डावर पैसे मोजूनच काम होणार. मागच्या झाकणावरचा सीरियल नंबर घासलेला असेल, तर बऱ्याच कंपन्या हातही लावत नाहीत. असं घड्याळ निम्म्या भावात मिळालं तरी मी घेणार नाही.

सेइकोच्या ४आर३६ मशीनबद्दल मात्र माझं मत उलट आहे. त्याचंच भावंड एनएच३६ सुटं विकत मिळतं, त्यामुळे चांगला घड्याळजी अख्खं मशीन बदलून देतो. वाराची चकती तेवढी जुन्या मशीनची काढून बसवायला सांगा, नाहीतर तुमच्या घड्याळात जपानी अक्षरांचे वार असतील तर ते जातील. इथे ग्रे मार्केटमध्ये पैसे वाचवायला माझी अजिबात हरकत नाही.

पण जपानला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तिथल्या देशांतर्गत मॉडेलची सेइकोची वॉरंटी जपानपुरतीच असते, अगदी अधिकृत दुकानातून घेतलं तरी. दुकान बरोबर असलं तरी वॉरंटी भारतात चालेलच असं नाही, कार्डावर काय लिहिलंय तेही वाचावं लागतं.

म्हणून निघण्यापूर्वी कंपनीच्या वेबसाइटवर त्या शहरातले डीलर बघून ठेवा. पैसे देण्याआधी झाकणावरचा नंबर, कार्डावरचा नंबर आणि बिल काउंटरवरच जुळवून घ्या. शिक्का "नंतर मारून देतो" म्हणाले, तर घड्याळ तिथेच ठेवून बाहेर पडा.